न पाठवलेल्या बारा बॉक्सांची डेबिट नोट

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत गूळ पावडर आणि कांदा-लसूण मसाला पॅक करणारं एक युनिट आहे. तिथलं टॅली आणि खरेदीदारांशी ईडीआयची जोडणी, म्हणजे दोन्हीकडच्या संगणकांमधली फाइलींची थेट देवाणघेवाण, मी बघतो. दिवाळीच्या तोंडावर मालकांचा फोन आला. ते एरवी हळू बोलतात, त्या दिवशी तसं नव्हतं. "दादा, भिवंडीवाल्यांनी बारा बॉक्स कमी आले म्हणून डेबिट नोट मारलीय. त्या बारा बॉक्सांचं बिलच आम्ही केलं नव्हतं. न पाठवलेल्या मालाचे पैसे आम्ही भरायचे?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. मिळालं तेव्हा त्यातली निम्मी चूक माझीच निघाली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

माल आणि कागद कसे फिरतात

हा खरेदीदार म्हणजे मोठी रिटेल साखळी. तिचं गोदाम भिवंडीत, कोल्हापूरपासून चारशे किलोमीटरच्या आसपास. त्यांची ऑर्डर ई-मेलवर पीडीएफ म्हणून येत नाही. त्यांचा संगणक आपल्या संगणकाला थेट एक ठरावीक साच्याची फाइल पाठवतो. या खरेदीदाराचा साचा एडीफॅक्ट या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा आहे, त्यात ऑर्डरच्या फाइलचं नाव `ORDERS`. अमेरिकन पद्धतीने काम करणारे हीच ऑर्डर `850` या नंबरच्या साच्यात पाठवतात. साचा वेगळा असला तरी आत तेच असतं: ऑर्डर नंबर, माल कुठे पोचवायचा, कोणत्या तारखेला, आणि प्रत्येक मालाचा बारकोड नंबर व नग.

इथे 'नग' म्हणजे पाउच, बॉक्स नव्हे. गूळ पावडरचा अर्ध्या किलोचा पाउच, असे 24 पाउच एका बॉक्सात. ऑर्डरमध्ये `QTY+21:2304` असं लिहून आलं, तर आमच्या माणसाने ते 96 बॉक्स असं वाचायचं. हा भागाकार सॉफ्टवेअर करतं, आणि तो सुरुवातीपासून बरोबर होता. नवीन पुरवठादारांचं पहिलं भांडण बहुतेक वेळा इथेच होतं, म्हणून मीही आधी तिथेच शोधलं. तिथे काही सापडलं नाही.

ऑर्डरला आपण जो जबाब देतो, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, म्हणजे एएसएन. एडीफॅक्टमध्ये ती `DESADV`, अमेरिकन साच्यात `856`. बिलात कोणता माल किती, एवढंच असतं. एएसएनमध्ये त्याच्या जोडीला कोणत्या पॅलेटवर काय रचलंय, तेही असतं. प्रत्येक पॅलेटला 18 आकडी नंबर असतो, त्याला एसएससीसी म्हणतात. तोच नंबर बारकोड होऊन पॅलेटच्या प्लॅस्टिकवर चिकटतो. गोदामातला माणूस त्या एकाच लेबलवर स्कॅनर धरतो आणि त्यांच्या संगणकाला कळतं की या पॅलेटवर अमुक माल, इतके नग. तो बॉक्स मोजत बसत नाही. सगळी सोय केलीय ती मोजणी टळावी म्हणूनच.

आणि याच सोयीने आमचा घात केला.

ऑगस्टमधली ती गाडी

डेबिट नोटवरच्या ऑर्डर नंबरवरून गाडी शोधली, ती ऑगस्टमधली निघाली. ऑर्डर होती गूळ पावडरचे 2304 पाउच, म्हणजे 96 बॉक्स, आणि मसाल्याचे 36 बॉक्स. पॅलेट तीन रचायचे: पावडरचे दोन, 48-48 बॉक्सांचे, आणि मसाल्याचा एक.

त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता. गूळ पावडर हवेतली ओल ओढून घेते आणि तिच्या गाठी होतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. सकाळी पॅकिंगच्या वहिनींनी एक लॉट हाताने दाबून बघितला आणि बाजूला ठेवला. बारा बॉक्स कमी पडले. मालकांनी ठरवलं, आहे तेवढा माल जाऊ दे, गाडी थांबवायची नाही. दुसऱ्या पॅलेटवर 48 ऐवजी 36 बॉक्स चढले. सुपरवायझरने लोडिंग चिठ्ठीवर पेनने 48 खोडून 36 लिहिलं. चिठ्ठी ऑफिसात गेली, तिथे ताईंनी टॅलीत बिल 84 बॉक्स पावडर आणि 36 बॉक्स मसाला असं केलं. ई-वे बिल त्याच बिलावरून निघालं. गाडी दुपारी हायवेला लागली.

म्हणजे चिठ्ठी, बिल, ई-वे बिल, तिन्हींवर एकूण 120 बॉक्स. सगळं जुळत होतं.

मग मी त्या गाडीची एएसएन फाइल उघडली. दुसऱ्या पॅलेटचा भाग असा होता. आकडे नमुन्याचे घातलेत. खरे भारतीय नंबर 890 ने सुरू होतात, 952 ही मालिका उदाहरणांसाठी राखून ठेवलेली आहे.

```
CPS+3+1'
PAC+1++201'
PCI+33E'
GIN+BJ+095212340000004172'
LIN+2++9521234000013:SRV'
QTY+12:1152'
```

वरून खाली वाचलं तर अर्थ असा: ही तिसरी पायरी, ती पहिल्या पायरीच्या, म्हणजे पूर्ण खेपेच्या पोटात. पॅलेट एक. त्यावरच्या लेबलचा नंबर `GIN+BJ` च्या पुढे. त्यात अमुक बारकोडचा माल, आणि पाठवलेले नग 1152. `QTY+21` म्हणजे मागितलेले नग, `QTY+12` म्हणजे पाठवलेले. 1152 ला 24 ने भागलं की 48 बॉक्स येतात. गाडीत होते 36. तिथे 864 यायला हवं होतं.

कारण लाजिरवाणं साधं होतं. एएसएन सकाळी साडेनऊलाच तयार झाली होती. सॉफ्टवेअरमध्ये मीच एक बटण करून दिलं होतं: ऑर्डर उघडायची, बटण दाबायचं, की ऑर्डरमधले नग जसेच्या तसे एएसएनमध्ये उतरतात, पॅलेट पाडले जातात आणि लेबलं छापून येतात. माल पूर्ण गेला की हे उत्तम चालतं. पहिले चार महिने प्रत्येक गाडी पूर्ण गेली, त्यामुळे बटणाची अडचण कुणाच्या लक्षातच आली नाही. लेबल आधी लागतं म्हणून एएसएन आधी, असा सगळ्यांचा समज झाला होता, माझ्यासकट. माल कमी पडला तर नग बदलायची सोय त्या पडद्यावर होती. पण ती पडद्यावर होती आणि खाडाखोड झाली होती लोडिंगच्या दारातल्या चिठ्ठीवर. चिठ्ठी बिल करणाऱ्या ताईंकडे गेली. एएसएन करणारा मुलगा वेगळा. त्याला कुणी सांगितलंच नाही.

भिवंडीत काय झालं असणार

खरेदीदाराच्या माणसाशी दोनदा फोनवर बोलल्यावर पलीकडची बाजू जुळली. गाडी दुसऱ्या दिवशी गेटवर लागली. तीन पॅलेट उतरले, तीन लेबलं स्कॅन झाली, त्यांच्या संगणकात 132 बॉक्स आत आले आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, 132 चा निघाला. छत्तीस बॉक्सांचा पॅलेट एक थर बुटका दिसतो, पण उतरवणाऱ्याकडे उंची बघायचं काम नसतं.

आमचं बिल 120 बॉक्सांचं होतं. पैसे देताना ते ऑर्डर, जीआरएन आणि बिल शेजारी ठेवून तपासतात. बिल जीआरएनपेक्षा जास्त असेल तर पैसे अडतात. आमचं कमी होतं, म्हणून अडले नाहीत. 120 चे पैसे वेळेवर आले. मालकही खूश, मीही.

पुढे त्यांच्या गोदामात मोजणी झाली. त्या पॅलेटच्या जागेवर बारा बॉक्स कमी भरले. त्यांच्या हिशेबाने माल आत आलेला होता, म्हणजे पुरवठादाराने पॅलेट कमी भरला. तुटीची डेबिट नोट आमच्या नावावर पडली. त्यांच्या मोजणीच्या खात्याला आमचं बिल दिसत नाही, जीआरएन दिसतो. जीआरएन 132 कशावरून, तर आमच्याच एएसएनवरून. हे आम्ही लिहून दिलेलं होतं.

मालकांना हे पटायला वेळ लागला. "अहो, पण बिलावर 84 आहे ना." हो, आहे. पण गोदामात बिल वाचलं जात नाही. आरटीओ आणि जीएसटीवाल्यांना गाडी नंबर आणि बिलाची रक्कम लागते, गोदामाला पॅलेटचा नंबर लागतो. दोन्ही कागद एकाच गाडीचे असले तरी त्यांचे वाचणारे कधी भेटत नाहीत.

तिन्ही पावत्या बरोबर होत्या

मला जास्त खटकलं ते वेगळंच. आपण फाइल पाठवली की पलीकडून पावत्या येतात, आणि त्या बघायची शिस्त मीच लावली होती. त्या दिवशी तिन्ही पावत्या नीट आल्या होत्या.

पहिली एमडीएन. आमची फाइल इंटरनेटवरून एएसटू नावाच्या सुरक्षित मार्गाने जाते. एमडीएन एवढंच सांगते की फाइल पोचली आणि वाटेत बदलली नाही. दुसरी `CONTRL`, म्हणजे फाइलचं व्याकरण बरोबर आहे: सगळे भाग जागेवर, शेवटी लिहिलेली भागांची संख्या मोजून जुळते. तिसरी `APERAK`, म्हणजे त्यांच्या प्रणालीने मजकूर स्वीकारला: ऑर्डर नंबर खरा आहे, बारकोड ओळखीचा आहे, नग ऑर्डरपेक्षा जास्त नाहीत. तिन्हींमध्ये आमची एएसएन पास झाली, कारण ती ऑर्डरची हुबेहूब नक्कल होती. जी एएसएन ऑर्डरवरूनच काढली, ती ऑर्डरशी ताडून बघितली तर चूक कशी सापडणार? तिन्हींपैकी एकही पावती गाडीत डोकावत नाही.

म्हणून आता कुणी मला "एएसएन अ‍ॅक्सेप्ट झाली" असं म्हटलं, की मी विचारतो, ती कशावरून काढली?

अशी चूक मागे आणखी कुठे झालीय का, हे शोधायला फार काही लागलं नाही. मागच्या सगळ्या गाड्यांचे बिलातले नग एका रकान्यात आणि `QTY+12` चे नग दुसऱ्यात घेतले आणि वजाबाकी केली. आणखी एक गाडी निघाली, मसाल्याचे चार बॉक्स. तिची डेबिट नोट अजून आली नव्हती. मालकांनी आपणहून खरेदीदाराला लिहून कळवलं आणि लोडिंग चिठ्ठीचा फोटो जोडला. ती तूट त्यांनी आमच्यावर टाकली नाही. ऑगस्टच्या गाडीचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. मोजणी होऊन गेली होती.

काय बदललं

मी ते बटण काढून टाकलं. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या मुलाने तोंड वाकडं केलं, कारण बटण सोपं होतं.

आता क्रम उलटा आहे. लेबलचा प्रिंटर ऑफिसातून उठून लोडिंगच्या दारात गेला. पॅलेट रचताना प्रत्येक बॉक्सचा बारकोड स्कॅन होतो. शेवटचा बॉक्स चढला की सुपरवायझर पॅलेट 'बंद' करतो. त्या क्षणी एसएससीसी नंबर जन्माला येतो आणि लेबल छापलं जातं. तोवर पॅलेटला नंबरच नाही. रिकाम्या पॅलेटवर आधीच लेबल चिकटवून ठेवायची सवय त्यामुळे आपोआप मोडली. बंद केलेला पॅलेट फोडून पुन्हा रचला, तर जुना नंबर रद्द आणि नवा घ्यायचा. जुना नंबर लगेच दुसऱ्या पॅलेटला द्यायचा नाही. बारकोडचे नंबर ठरवणाऱ्या जीएसवन संस्थेच्या नियमाप्रमाणे एकदा वापरलेला नंबर निदान वर्षभर पुन्हा वापरता येत नाही.

गाडीतले सगळे पॅलेट बंद झाले की एएसएन त्यांच्यावरून तयार होते. ऑर्डर फक्त शेजारी दाखवते की किती कमी आहे. बिलही आता चिठ्ठीवरून होत नाही, त्याच पॅलेटच्या यादीवरून टॅलीत जातं. बिल आणि एएसएन वेगवेगळे आकडे सांगतील, ही वाटच बंद केली. मी फक्त एकच दुरुस्ती करू शकलो असतो, तर हीच केली असती.

वेळेचा एक ताण मात्र आला. एएसएन गाडीच्या आधी पोचली पाहिजे, नाहीतर गेटवर लेबल स्कॅन केल्यावर 'अनोळखी पॅलेट' येतं आणि गाडी बाजूला लागते. चारशे किलोमीटर अंतर असल्याने आमच्याकडे रात्रभराचा वेळ असतो, त्यामुळे जमतं. पुण्यात गोदाम असलेल्या एका दुसऱ्या खरेदीदाराच्या बाबतीत गाडी कधी दुपारीच पोचते. तिथे फाइल गेल्याची आणि तिन्ही पावत्या आल्याची खात्री झाल्याशिवाय ड्रायव्हरला चावी देत नाहीत.

गाडी निघाल्यावर चूक कळली तर? एएसएनच्या सुरुवातीला `BGM+351` नंतर तिचा नंबर आणि मग एक आकडा असतो: 9 म्हणजे मूळ, 5 म्हणजे आधीची बदलून ही घ्या. 5 वाली फाइल पाठवता येते, पण खरेदीदाराने ती मान्य केली असेल तरच, आणि गाडी गेटच्या आत जायच्या आधीच. आमच्या खरेदीदाराच्या नियमांत ती चालते. एकदा स्कॅन झालं की मात्र ती फाइल नामंजूर होऊन परत येते, मग फोन आणि ई-मेलचं जुनं राज्य सुरू.

एक गोष्ट मी आधीच करायला हवी होती. ऑर्डर आल्यावर तिला `ORDRSP` नावाचा जबाब देता येतो: एवढं देऊ शकतो, एवढं नाही. आम्ही आजवर डोळे मिटून 'सगळं मान्य' पाठवत होतो. आता पावसाळ्यात पॅकिंगच्या वहिनींनी लॉट बाजूला काढला, की आधी तिथे नग कमी होतात. खरेदीदाराने तेवढ्या नगांवर हो म्हटलं की मग पॅलेट रचायला घेतात.

अजून न सुटलेलं

स्कॅनरचा एक दोष आम्हाला दोन आठवड्यांत कळला. गूळ पावडरच्या सगळ्या बॉक्सांवर एकच बारकोड असतो, कारण तो मालाचा नंबर आहे, त्या विशिष्ट बॉक्सचा नाही. हमालाने एकच बॉक्स दोनदा स्कॅन केला, तरी यंत्राला ते दोन बॉक्स वाटतात. असं घडलं. स्कॅन 48, प्रत्यक्षात 47. प्रत्येक बॉक्सला वेगळा क्रमांक छापणं हा पक्का उपाय, पण त्यासाठी बॉक्सवरचं छापील लेबल बदलावं लागेल, आणि मालकांकडे जुन्या लेबलांचे गठ्ठे पडून आहेत. ते संपेपर्यंत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तोवर काटा लावला. भरलेला बॉक्स 12 किलो 400 ग्रॅमचा. पॅलेट बंद करण्याआधी काट्यावर ठेवायचा, लाकडी पॅलेटचं वजन वजा करायचं आणि उरलेल्याला 12.4 ने भागायचं. 36 बॉक्सांचे 446 किलो 400 ग्रॅम होतात. एक बॉक्स इकडेतिकडे झाला तर बारा किलोंचा फरक पडतो, तो लपत नाही. सॉफ्टवेअरमधला आकडा आणि काट्याचा आकडा जुळला नाही, तर पॅलेट बंद होत नाही.

पण लाकडी पॅलेट पावसात पाणी पितो. कोरड्यात 22 किलोंचा पॅलेट भिजला की किती किलोंनी वाढेल याचा नेम नाही. म्हणून आता रिकामा पॅलेट आधी काट्यावर जातो, त्याचं त्या दिवशीचं वजन टिपलं जातं, आणि मग रचायला सुरुवात होते. सुपरवायझर यावर रोज कुरकुरतो. काल त्याने मला विचारलं, "सायब, प्लॅस्टिकचे पॅलेट घेतले तर हा ताप जाईल का?" जाईल. त्यांची किंमत मालकांना सांगायचं काम त्याने माझ्यावर सोपवलंय.